पायऱ्यांवर बसलेला माणूस फोटोतून काढल्यावर पायऱ्या आणि सोपो सरळ कसे जुळवायचे?

प्रश्न: आमच्या गोव्यातल्या, बार्देशातल्या जुन्या घराचा समोरून काढलेला फोटो आहे. आजी दारात उभी आहे आणि पायऱ्यांवर उजव्या कठड्याला टेकून शेजारचा मुलगा मोबाइल बघत बसलाय. त्याला काढले, पण त्याच्यामागच्या पायऱ्या आणि बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यातल्या सोप्याचे, तिथल्या बांधीव बैठकीचे, पुढचे टोक भरताना सगळे वाकडेतिकडे होते. फोटोशॉपच्या `Content-Aware Fill` ने तर एक पायरी जास्तच आली. भूमिती बरोबर राहील अशी पायरी परत कशी बांधायची?

उत्तर:

आधी रेषा, मग रंग. `Content-Aware Fill` आजूबाजूचे तुकडे उचलून भोक बुजवते. पाच पायऱ्या आहेत की सहा, हे त्याला कळत नाही. म्हणून लपलेली प्रत्येक कड कुठून कुठे जाते हे वेगळ्या लेयरवर आखून घ्या आणि त्या चौकटीत चिऱ्याचा किंवा कोब्याचा पोत बसवा. आखणीला अर्धा तास लागतो. ती चुकली तर पुढचे तीन तास वाया जातात.

शब्द ठरवून घेऊ. पायरीच्या उभ्या भागाला तोंड म्हणू, पाय ठेवतो त्या आडव्या भागाला माथा म्हणू आणि दोन्ही मिळतात त्या पुढच्या धारेला कड म्हणू. खोलीच्या दिशेने जाणाऱ्या समांतर रेषा फोटोत लांबवल्या की एका ठिकाणी मिळतात, तो लोपबिंदू.

आकडे धरून बोलू म्हणजे हातात काहीतरी राहील. फोटो 4000 × 3000 पिक्सेलचा आहे आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने, उभ्याने, पहिल्या पायरीपासून चार मीटरवरून, बरोबर समोरून, मोबाइल न वाकवता काढलाय असे समजा. पायऱ्या पाच, प्रत्येक 15 सेंटिमीटर उंच, 30 सेंटिमीटर खोल आणि दीड मीटर रुंद, दोन्ही बाजूंना बुटके कठडे. वर बाल्कांव आणि तिथे समोरासमोर दोन सोपे. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण आकड्यांमधले नाते हेच राहील.

आखण्याआधी एक तपासणी करा. सगळ्यात खालच्या, पूर्ण दिसणाऱ्या कडेवर `Line Tool` ने टोकापासून टोकापर्यंत रेषा ओढा. मधोमध कड रेषेपासून दोन-तीन पिक्सेल सुटत असेल तर भिंगाचा बाक शिल्लक आहे. तो आधी `Filter > Lens Correction` मध्ये काढा. जुना कागदी फोटो स्कॅन केलेला असेल तर कागदच फुगलेला असू शकतो. मग अख्ख्या फोटोवर भरवसा न ठेवता पायऱ्यांच्या भागापुरते सरळ करून घ्या. वाकड्या कडांवरून काढलेला लोपबिंदू शे-दोनशे पिक्सेल इकडेतिकडे जातो आणि मग पुढचे काहीच जुळत नाही.

आता पहिला लोपबिंदू. डाव्या सोप्याची पुढची धार पूर्ण दिसते आणि उजव्या सोप्याचा मागचा अर्धा भाग मुलाच्या डोक्यापलीकडे दिसतो. या दोन्ही धारा दाराच्या दिशेने आत जातात. दोन्ही रेषा लांबवा. त्या जिथे मिळतील तो खोलीचा लोपबिंदू. आपल्या उदाहरणात तो फोटोच्या मधोमध येतो: डावीकडून 2000, वरून 1500. त्यातून जाणारी आडवी रेषा म्हणजे कॅमेऱ्याची उंची, क्षितिजरेषा. अंगणात फरशी असेल तर तिच्या सांध्यांवरून हाच बिंदू पडताळून पाहा. दोन पुराव्यांवर थांबू नका, तिसरी रेषा त्याच बिंदूतून गेली पाहिजे.

दुसरा बिंदू बहुतेक जण काढतच नाहीत, आणि जिन्याची खरी किल्ली तोच आहे. सगळ्या पायऱ्यांचे डावे कोपरे, म्हणजे कड जिथे डाव्या कठड्याला भिडते ते बिंदू, एका सरळ चढत्या रेषेवर असतात. उजव्या कोपऱ्यांचीही तशीच रेषा असते. या दोन चढत्या रेषा प्रत्यक्षात समांतर आहेत, म्हणून फोटोत त्याही एका बिंदूत मिळतात. हा चढाचा लोपबिंदू खोलीच्या लोपबिंदूच्या बरोबर वर, त्याच उभ्या रेषेवर असतो, कारण चढ आणि खोली या दोहोंची जमिनीवरची दिशा एकच आहे. तेव्हा उजवी बाजू दिसत नसली तरी डावे कोपरे जोडा, रेषा वर लांबवा आणि खोलीच्या लोपबिंदूतून जाणाऱ्या उभ्या रेषेला ती जिथे छेदेल तिथे खूण करा. आपल्या फोटोत ही खूण 2000, 0 वर येते, म्हणजे फोटोच्या अगदी वरच्या काठावर. बहुतेक फोटोंत ती काठाबाहेर जाते. तसे झाले तर `Image > Canvas Size` मधून वरच्या बाजूला जागा वाढवून घ्या.

आता उजव्या बाजूचा एकच खरा कोपरा पुरतो. पहिल्या पायरीचा उजवा कोपरा मुलाच्या पायाशेजारी दिसतो: 2562, 2512. तिथून चढाच्या लोपबिंदूपर्यंत रेषा ओढली की बाकीचे चारही उजवे कोपरे तिच्यावरच असणार. समोरून काढलेल्या फोटोत कडा आडव्या असतात, म्हणून डाव्या कोपऱ्यांची उंची तशीच उजवीकडे आणायची. ती रेषेला छेदते तिथे कोपरा:

```
कड     वरून (y)   उजवा कोपरा (x)
1      2512       2562
2      2337       2523
3      2185       2489
4      2051       2459
5      1933       2433
```

कोपरे मिळाले की कठड्यावरची पायऱ्यांची नागमोडी आकृती आपोआप तयार होते. पहिल्या उजव्या कोपऱ्यातून माथ्याचे टोक खोलीच्या लोपबिंदूकडे जाते, 2000, 1500 कडे. चढाच्या बिंदूकडे ते कधीच जात नाही. या दोघांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. ती झाली की माथे उतरणीवर ओतल्यासारखे दिसतात. खोलीकडे जाणारी ही रेषा वरून 2442 वर पोचते तेव्हा ती डावीकडून 2523 वर असते, आणि बरोबर त्याच उभ्या रेषेवर दुसरा कोपरा आहे. आखणी बरोबर आहे की नाही याची याहून सोपी खूण नाही: माथ्याचे मागचे टोक आणि पुढच्या पायरीचा कोपरा एकाच उभ्या रेषेत यायलाच हवेत. दोन पिक्सेलचा फरक चालतो. दहाचा पडला तर एखादा लोपबिंदू चुकलाय, तिथे परत जा.

हे झाले की तोंडांची आणि माथ्यांची उंची मोजून पाहा. आपल्या उदाहरणात तोंडे खालून वर 113, 105, 98, 92, 86 पिक्सेल आहेत, तर माथे 70, 54, 42, 32. तोंड हळूहळू लहान होते, माथा झपाट्याने चपटा होतो, कारण पायरी कॅमेऱ्याच्या उंचीच्या जवळ सरकते. कॅमेऱ्याच्या बरोबर उंचीवर आलेला माथा नुसती रेषा होतो, आणि त्याच्यावरच्या पायऱ्यांचा माथा दिसतच नाही. फोटो कुणी उकिडवे बसून काढला असेल तर हे फार लक्षात ठेवायला हवे: तिथे वरच्या पायरीला माथा रंगवला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पायरी पुढे कललेली वाटते.

डावे कोपरेसुद्धा कुंड्यांमागे लपले असतील तर? मग दोन लागोपाठच्या कडा कुठेही दिसल्या तरी पुढच्या काढता येतात, मात्र चढाचा लोपबिंदू दुसरीकडून माहीत हवा. तो कठड्याच्या तिरप्या माथ्यावरून मिळतो, कठडा पायऱ्यांच्या चढालाच समांतर असेल तर. त्या बिंदूपासून प्रत्येक कडेचे अंतर मोजा. त्या अंतरांचे व्यस्त, म्हणजे एक भागिले अंतर, समान फरकाने वाढते. आपला बिंदू वरच्या काठावर असल्यामुळे अंतर म्हणजे थेट वरून मोजलेली उंची:

```
1 / (2/2337 − 1/2512) = 2185
```

ही तिसरी कड. तिच्यावरून तसेच चौथी आणि पाचवी. नुसते अंतर समान वाटले, म्हणजे प्रत्येक पायरी 175 पिक्सेलवर ठेवली, तर तिसरी कड 2162 वर येईल. चूक 23 पिक्सेलची, आणि वर जाता जाता वाढत जाणारी. `Content-Aware Fill` चा किंवा हाताने क्लोन करणाऱ्याचा जिना फसतो तो इथेच.

सोप्याकडे येऊ. त्याची धार मागच्या टोकाला 2336, 1634 वर दिसते. तिथून खोलीच्या लोपबिंदूच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे आपल्याकडे, रेषा पुढे आणा. कुठे थांबायचे? सोपो वरच्या पायरीच्या कडेशी संपत असेल तर त्याचा पुढचा कोपरा पाचव्या उजव्या कोपऱ्याच्या बरोबर डोक्यावर, 2433 च्या उभ्या रेषेवर येईल. रेषा तिथे 1673 वर पोचते. मात्र डाव्या सोप्याकडे एकदा बघा. कित्येक बाल्कांवांत सोपो वरच्या पायरीच्या वीतभर मागे थांबतो किंवा पुढच्या टोकाला खांब उभा असतो. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे असेल असे धरणे इथे योग्य आहे, कारण ही बांधणी जोडीची असते. सोप्याची पाठ, गिलाव्याची नक्षी आणि टोकाची गोलाई तिथूनच मोजून घ्या.

दोन अडचणी गोव्यातल्या घरांत हमखास येतात. पहिली म्हणजे खालची पायरी बुटकी असते. अंगणात नंतर फरशी किंवा पेव्हर घातले, पातळी वर आली आणि पहिल्या पायरीचे तोंड अर्धे जमिनीत गेले. तिची कड मात्र जागेवरच असते. म्हणून कोपऱ्यांची रेषा कडांवरून काढा, तोंडांच्या उंचीवरून काढू नका. नंतर एखादी पायरी वेगळ्या मापाची बांधली असेल तर डाव्या कोपऱ्यांपैकी एक रेषेबाहेर दिसेल. उजवीकडेही तोच बाहेर ठेवा.

दुसरी अडचण, खाली रुंद होत जाणारे जिने. कठडे बाहेरच्या बाजूला फाकलेले किंवा वळलेले असतात. तिथे वरची उजवी रेषा चालत नाही, कारण कोपरे समांतर रेषांवर नसतातच. समोरून काढलेला फोटो असेल तर सोपा मार्ग आहे. कड कॅमेऱ्याला समांतर असल्यामुळे तिचा मध्य फोटोतही मध्यच राहतो. जिन्याची मध्यरेषा, दाराच्या मधोमधून खाली येणारी, आखा. प्रत्येक कडेवर मध्यरेषेपासून डावा कोपरा जितका लांब, तितकाच उजवा. फोटो जरा जरी बाजूने काढला असेल तर हा हिशोब खोटा ठरतो. मग कडा आडव्या नसतात, त्या दूरच्या आणखी एका लोपबिंदूकडे जातात. पहिल्या आणि पाचव्या कडेवरून तो काढा आणि मधल्या कडा त्यातून ओढा. भिंतींच्या उभ्या रेषाही खाली जवळ येत असतील तर मोबाइल वाकवलेला होता. आधी `Edit > Perspective Warp` ने त्या उभ्या करा, नाहीतर ‘चढाचा बिंदू बरोबर वर’ हा नियम तिरका लागू होईल.

आखणी झाली. आता भरण. मुलाने झाकलेली पट्टी साधारण 2190 ते 2475, म्हणजे तीनशे पिक्सेलच्या आत, आणि त्याच पायरीचा डावीकडचा सहाशे पिक्सेल भाग उघडा आहे. तेव्हा तिसऱ्या पायरीचे भरण तिसऱ्याच पायरीतून घ्या, `Shift` दाबून नुसते आडवे सरकवा. मापे बदलायची गरजच पडत नाही. तोंड आणि माथा मात्र दोन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येकाला आखलेल्या चौकटीचा मास्क लावा, म्हणजे कड ही मास्कच्या धारेने ठरते.

त्याच पायरीत पुरेसा भाग नसेल तरच दुसरीकडून घ्या, आणि तेही खालच्या, जवळच्या पायरीतून लहान करून. वरचा तुकडा मोठा केला की मऊ पडतो. पहिल्या पायरीचे तोंड तिसऱ्यासाठी रुंदी-उंची दोन्ही 87 टक्के करायचे. माथ्याला तसे चालत नाही: रुंदी 87 टक्के, पण उंची 60 टक्के. पूर्ण पायरी एकच तुकडा म्हणून उचलली की इथेच फसते, कारण तोंड बरोबर बसते आणि माथा जाड राहतो.

काय उचलायचे यालाही मर्यादा आहे. पायरीची झीज सगळीकडे सारखी नसते. मधला भाग चालून गुळगुळीत आणि उजळ, कठड्याजवळचा कोपरा पावसाळ्याच्या शेवाळाने काळपट, आणि तोंडाच्या पायथ्याशी धुळीची बारीक रेघ. डाव्या कठड्याजवळचा काळपट तुकडा मध्ये आणून ठेवला तर भूमिती अचूक असूनही जोड ओरडून सांगतो. उजव्या टोकासाठी डाव्या टोकाचा तुकडा उलटा करून घेण्याचा मोह होतो. ऊन डावीकडून येत असेल तर डाव्या कठड्याची सावली त्या तुकड्यात आहे, आणि उलटा केल्यावर ती उन्हाच्या बाजूला पडते. तसे करायचेच असेल तर आधी `Curves` ने सावली उचलून घ्या.

मुलाची स्वतःची सावलीही राहते. ती पायऱ्यांवर नागमोडी पडते: तोंडावर एका तिरपेने, माथ्यावर दुसऱ्या. सलग पुसली तर एखादा काळा त्रिकोण एका माथ्यावर विसरला जातो. लाल कोबा घोटून चकचकीत केलेला असेल तर शर्टाच्या रंगाची झाकही शेजारच्या माथ्यावर सापडते. ती `Color` मोडच्या ब्रशने, जवळच्या स्वच्छ माथ्याचा रंग घेऊन उतरवा.

शेवटी कड. चिऱ्याच्या किंवा कोब्याच्या पायरीची कड धारदार नसते, झिजून गोल झालेली असते, आणि उजेडात तिच्यावर चार-सहा पिक्सेलची उजळ रेघ दिसते. मास्कची धार कात्रीसारखी राहिली तर पायरी पुठ्ठ्याची वाटते. त्याच कडेची उजळ रेघ डावीकडून पट्टी म्हणून आणा आणि जोडावर मास्क तीन-चार पिक्सेल मऊ करा. वरच्या पायऱ्यांत ती रेघ बारीक होत जाते, हेही पाळा. भरलेला भाग शेजारच्यापेक्षा गुळगुळीत वाटला तर `Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून एक-दीड टक्का दाणा द्या.

`Filter > Vanishing Point` वापरायचे असेल तर माथा आणि तोंड यांचे वेगळे पटल काढावे लागते. जाळी निळी असेल तर पटल ग्राह्य, पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे चुकलेत. आधी रिकामा लेयर करून ठेवा म्हणजे भरण मूळ फोटोत मिसळणार नाही. पाच पायऱ्यांसाठी दहा पटले हा व्याप आहे. सोप्याच्या लांब, सपाट तोंडासाठी मात्र हे साधन झकास.

झाल्यावर `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून पंचवीस टक्क्यांवर बघा. सवयीमुळे डोळा माफ करत होता त्या तिरक्या कडा उलट्या फोटोत लगेच खुपतात. खुपलेली कड आखणीच्या लेयरशी ताडून बघा. ती रेषेवर असूनही तिरकी वाटत असेल तर गुन्हेगार बहुधा शेवाळाची रेघ किंवा उरलेली सावली असते, कड नव्हे.